रेफरन्स फोटो जोडलात की प्रॉम्प्टचं काम बदलतं: टॅग कुठे आणि वाक्य कुठे?



एआय फोटोवरच्या व्हिडिओनंतर एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सारखा येतोय. "सर, प्रॉम्प्ट कसा लिहायचा? स्वल्पविराम देत शब्द लिहायचे की सरळ वाक्य लिहायचं?" प्रश्नासोबत बऱ्याच जणांनी व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणारा तयार प्रॉम्प्टही पाठवलाय. तो साधारण असा असतो:

```
masterpiece, best quality, 8k, product photography, studio lighting, bokeh, ultra detailed
```

हा प्रॉम्प्ट घ्यायचा, आपल्या प्रॉडक्टचा फोटो जोडायचा, जेमिनी किंवा चॅटजीपीटीला द्यायचा आणि वाट बघायची. फोटो येतो, दिसतोही छान. पण नीट बघितलं तर त्यातली बरणी तुमची नसते. झाकण वेगळं असतं, लेबलवरची अक्षरं भलतीच असतात, आणि बरणीची मान थोडी लांब झालेली असते.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताणायला नको. "टॅग चांगले की वाक्य चांगलं" हा प्रश्नच अर्धवट आहे. खरा प्रश्न आहे, "हे टूल माझ्या फोटोचं काय करतं?" त्याचं उत्तर मिळालं की टॅग की वाक्य हे आपोआप ठरतं. आणि आपल्यासारख्या छोट्या दुकानदाराला, ज्याला स्वतःच्याच मालाचा फोटो हवाय, त्याला दहापैकी नऊ वेळा वाक्यच लागतं. उरलेल्या एका वेळी टॅग का लागतात, तेही समजून घेऊ.

ही टॅगची माळ आली कुठून?

2022 साली स्टेबल डिफ्युजन हे टूल सगळ्यांसाठी खुलं झालं. ते शिकलं इंटरनेटवरच्या फोटोंवरून आणि त्या फोटोंसोबतच्या मजकुरावरून. आता वेबसाइटवर फोटोखाली लोक काय लिहितात? "लाल साडी, कॉटन, फ्री शिपिंग" असंच तुटक काहीतरी. त्यामुळे त्या टूलला तुटक शब्दांचीच सवय लागली. शिवाय त्याचा मजकूर वाचणारा भाग, ज्याला क्लिप म्हणतात, एका वेळी साधारण 75 टोकनच वाचतो. टोकन म्हणजे एक शब्द किंवा शब्दाचा तुकडा. जागा इतकी कमी असल्यावर माणूस "आणि", "मध्ये", "असलेला" असले शब्द गाळणारच. म्हणून स्वल्पविराम देऊन शब्द लिहायची पद्धत पडली.

पुढे याच टूलवर लोकांनी जपानी कार्टून शैलीची मॉडेल्स बनवली. ती ज्या चित्रांवर शिकली, त्या चित्रांना एकेक टॅग लावलेले होते. `masterpiece, best quality` ही जोडी त्या जगात रुळली. तिथे तिला अर्थ होता, कारण शिकवतानाच चांगल्या चित्रांना तसे शिक्के मारलेले होते. तुमच्या लोणच्याच्या बरणीशी त्या शिक्क्यांचा काही संबंध नाही. `8k` लिहिल्याने फोटोची साइझही वाढत नाही. ती साइझ टूलच्या सेटिंगवर ठरते.

मग वारं बदललं. 2023 मध्ये डॅल-ई 3 आलं. ते बनवणाऱ्यांनी मॉडेलला शिकवताना तुटक मजकुराऐवजी फोटोचं सविस्तर, पूर्ण वाक्यांतलं वर्णन वापरलं. 2024 मध्ये फ्लक्स आलं, त्यात लांब वाक्यं समजणारा वेगळा, मोठा वाचक बसवलेला होता. आता चॅटजीपीटी आणि जेमिनीमधली चित्रं बनवणारी टूल्स तर गप्पा मारणाऱ्या मॉडेलवरच उभी आहेत. गूगलने आपल्या मार्गदर्शनात स्पष्टच सांगितलंय की नुसते शब्द मांडू नका, दृश्याचं वर्णन करा.

म्हणजे व्हॉट्सअॅपवर फिरणारा तो प्रॉम्प्ट चुकीचा नाही, तो दुसऱ्या गावचा आहे. त्या गावची बस आपण या गावात शोधतोय.

टॅगमध्ये नेमकं काय हरवतं?

मराठीत हे समजायला फार सोपं आहे. हे शब्द बघा: राम, रावण, बाण, मारणे. कोणी कोणाला मारला? तुम्हाला गोष्ट माहीत आहे म्हणून कळलं. गोष्ट माहीत नसलेल्या माणसाला काही कळणार नाही. "रामाने रावणाला बाण मारला" म्हटलं की शंकाच उरत नाही. "ने" आणि "ला" या दोन छोट्या प्रत्ययांनी सगळं काम केलं.

टॅग म्हणजे प्रत्यय काढून टाकलेले शब्द. "सोनेरी, झाकण, पांढरं, लेबल, हिरवी, कैरी" असं लिहिलं की कुठला रंग कुठल्या वस्तूचा हे टूलला अंदाजाने ठरवावं लागतं. जुन्या टूलमध्ये तर रंग एकमेकांत सांडतात. हिरव्या कैऱ्या मागितल्या की झाकणावरही हिरवट झाक येते. नवीन टूल्स अंदाज बरा करतात, पण अंदाज तो अंदाजच.

रेफरन्स फोटो नसेल, तर हे फारसं बिघडत नाही. टूल काहीतरी कल्पनेतलं बनवणार, आपण दहातलं एक निवडणार. पण फोटो जोडला की प्रश्न वेगळा होतो. आता टूलच्या समोर दोन गोष्टी आहेत: तुमचा फोटो आणि तुमचे शब्द. या दोघांचं नातं काय, हे कोण सांगणार? फोटोतलं काय ठेवायचं, काय बदलायचं, हे सांगायला क्रियापद लागतं. आणि टॅगच्या माळेत नेमकं क्रियापदच नसतं.

दुकानात नवीन मुलगा आलाय असं समजा. तुम्ही त्याच्या हातात बरणी दिलीत आणि म्हणालात, "शेल्फ, कैरी, लाकूड, उजेड." तो बिचारा काय करणार? तुमच्याकडे बघत उभा राहील. टूल मात्र उभं राहत नाही. ते काहीतरी करून मोकळं होतं. आपलं नुकसान तिथेच होतं.

टूल तुमच्या फोटोचं काय करतं? तीन प्रकार

पहिला प्रकार म्हणजे सूचना ऐकणारी टूल्स. जेमिनी, चॅटजीपीटी आणि फ्लक्सचं कॉन्टेक्स्ट या गटात येतात. ही तुमचा फोटो बघतात, त्यात बरणी कुठली, टेबल कुठलं हे ओळखतात आणि तुमची सूचना वाचून नवीन फोटो काढतात. यांना वाक्य लागतं, आणि वाक्यात क्रियापद लागतं. संपूर्ण फोटोचं वर्णन करायची गरज नसते. काय बदलायचं आणि काय ठेवायचं, एवढंच सांगायचं.

दुसरा प्रकार म्हणजे फोटोवर पुन्हा रंगवणारी टूल्स. स्टेबल डिफ्युजनमधलं `img2img` हे याचं उदाहरण. इथे टूल तुमच्या फोटोवर धूसर ठिपके टाकतं आणि त्या धुरकटातून तुमच्या शब्दांप्रमाणे नवीन चित्र काढतं. किती ठिपके टाकायचे हे `Denoising strength` नावाच्या पट्टीवर ठरतं, 0 ते 1. 0.2 ठेवलंत तर फोटो जवळपास तसाच राहतो, 0.8 ठेवलंत तर फक्त ढोबळ आकार शिल्लक राहतो.

या टूलला "बदला", "काढून टाका" ही भाषा कळतच नाही. "चमचा काढून टाका" असं लिहिलंत तर ते "चमचा" हा शब्द पकडतं आणि चमचा आणखी ठळक करून देऊ शकतं! इथे शेवटी जो फोटो हवाय त्याचं पूर्ण वर्णन करायचं असतं, आणि नको ते `Negative prompt` च्या वेगळ्या चौकटीत टाकायचं असतं. टॅगची माळ इथे शोभते, कारण टूल तीच भाषा शिकलेलं आहे. आणि ती इंग्रजीतच लिहायची. याचा वाचक मुख्यतः इंग्रजीवर शिकलाय, मराठी वाक्य त्याच्या डोक्यावरून जातं.

तिसरा प्रकार म्हणजे फोटोतून भाव उचलणारं टूल, म्हणजे मिडजर्नी. त्याला फोटो दिला की ते त्याची रचना, रंग, वातावरण घेतं आणि स्वतःचं चित्र काढतं. `--sref` लावलं की फक्त शैली उचलतं, `--iw` ने फोटोला किती वजन द्यायचं ते ठरतं. इथे छोटं, सरळ वाक्य किंवा वाक्यांश पुरतो. पण लेबल जसंच्या तसं येईल ही अपेक्षा ठेवू नका. मी हे टूल पार्श्वभूमीच्या कल्पना काढायला वापरा म्हणतो, प्रॉडक्टचा अंतिम फोटो काढायला नाही.

आता एक बरणी घेऊन करूनच बघू

माल काय, तर घरगुती कैरीचं लोणचं. काचेची बरणी, सोनेरी पत्र्याचं झाकण, पांढरं लेबल. लेबलवर "कैरीचं लोणचं" आणि "300 ग्रॅम". फोटो मोबाइलवर काढलाय, बरणी ओट्यावर ठेवून, डाव्या बाजूच्या खिडकीच्या उजेडात. मागे गॅस, कुकर असं सगळं दिसतंय. आपल्याला हवंय लाकडी टेबल, बाजूला तीन कैऱ्या, मागे शांत भिंत. बरणी मात्र आपलीच.

आधी टॅगवाली पद्धत बघा. फोटो जेमिनीला जोडला आणि लिहिलं:

```
pickle jar, raw mango, wooden table, 8k, masterpiece, studio lighting
```

यात क्रियापद नाही, "ठेवा" नाही, "फक्त" नाही. टूलने समजायचं काय? बहुतेक वेळा ते समजतं की लोणच्याच्या बरणीचा एक सुंदर फोटो हवाय, आणि जोडलेला फोटो हा नमुना आहे. मग ते सुंदर बरणी बनवतं. `studio lighting` म्हटल्यामुळे उजेड सगळीकडून येतो, तुमच्या खिडकीचा उजेड जातो. लेबलवर अक्षरांसारखं दिसणारं काहीतरी येतं.

आता तोच फोटो आणि हे वाक्य. जेमिनी आणि चॅटजीपीटीला मराठी समजतं, त्यामुळे इंग्रजीसाठी अडून बसायची गरज नाही:

```
या फोटोतली बरणी, तिचं सोनेरी झाकण आणि पांढरं लेबल जसंच्या तसं ठेवा. लेबलवरचं एकही अक्षर बदलू नका.
फक्त बरणीच्या मागचं आणि खालचं दृश्य बदला: गडद रंगाचं लाकडी टेबल, बरणीच्या उजवीकडे तीन हिरव्या कैऱ्या, मागे साधी, फिकट भिंत.
उजेड डाव्या बाजूच्या खिडकीतून येतोय, सावली उजवीकडे पडू दे.
बरणीची जागा, आकार आणि कॅमेऱ्याचा कोन मूळ फोटोसारखाच राहू दे.
```

चार ओळी, आणि चार वेगळी कामं.

पहिली ओळ सांगते काय ठेवायचं. इथे "ती" किंवा "ते" म्हणू नका, वस्तूचं नाव घ्या. फोटोत बरणी आहे, कुकर आहे, बाटली आहे. "ती तशीच ठेवा" म्हटलं तर "ती" कोण?

दुसरी ओळ सांगते काय बदलायचं, आणि त्यातला "फक्त" हा शब्द सोन्याचा आहे. नको असलेल्या गोष्टींची यादी इथे दिलेली नाही, हेही बघा. "कुकर नको, गॅस नको" लिहिण्यापेक्षा "मागे साधी, फिकट भिंत" लिहिलेलं बरं. भिंत आली की कुकरला जागाच उरत नाही.

तिसरी ओळ उजेडाची. ही बहुतेक जण विसरतात. तुमच्या बरणीवर उजेड डावीकडून पडलाय, काचेवर चकाकी डावीकडे आहे. टूलने कैऱ्यांवर उजेड उजवीकडून टाकला, तर बरणी कापून चिकटवल्यासारखी दिसते. ग्राहकाला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे त्याला जाणवतं.

चौथी ओळ चौकटीची. ती का लिहायची, हे पुढे कळेल.

फ्लक्स कॉन्टेक्स्ट वापरत असाल तर हेच इंग्रजीत, थोडं आटोपशीर लिहा:

```
Change only the background to a dark wooden table with three raw green mangoes on the right. Keep the jar, the gold lid and the label exactly the same, in the same position, size and camera angle.
```

इथे `Change` च्या जागी `Transform` लिहू नका. "रूपांतर करा" म्हटलं की टूल सगळंच बदलायला मोकळं होतं. एका क्रियापदाने इतका फरक पडतो.

आता हेच काम स्टेबल डिफ्युजनमध्ये करायचं असेल तर? साध्या `img2img` मध्ये अडचण अशी की पार्श्वभूमी बदलण्याइतकी पट्टी वर नेली तर लेबल विरघळतं, आणि लेबल वाचवायला पट्टी खाली आणली तर कुकर जागचा हलत नाही. म्हणून तिथे `Inpaint` वापरायचं. बरणीवर ब्रशने मास्क रंगवायचा आणि `Inpaint not masked` निवडायचं, म्हणजे बरणी सोडून बाकीचं रंगवलं जातं. पार्श्वभूमी पूर्ण नवीन हवी असल्यामुळे पट्टी 0.9 च्या आसपास. आणि प्रॉम्प्ट असा:

```
dark wooden table, three raw green mangoes, plain light wall, soft window light from left, product photo
```

यात "जार" हा शब्द कुठेच नाही, हे लक्षात आलं का? मुद्दाम नाही लिहिला. आपण फक्त बरणीबाहेरचा भाग रंगवून घेतोय. तिथे बरणीचं नाव घेतलं तर मागे दुसरी बरणी उगवण्याची शक्यता असते. या पद्धतीत तुमच्या बरणीचे मूळ पिक्सेल राहतात, त्यामुळे लेबल सुरक्षित. पण त्यासाठी बरा ग्राफिक कार्ड असलेला कॉम्प्युटर लागतो, आणि मास्क नीट काढायला सवय लागते. ज्याच्याकडे हे आहे, त्याने टॅग जरूर वापरावेत. त्या टूलची तीच मातृभाषा आहे.

"जसंच्या तसं" म्हटलं म्हणजे तसं होतंच असं नाही

ही गोष्ट बरेच ट्रेनर सांगत नाहीत. सूचना ऐकणारी टूल्स तुमचा फोटो कापून चिकटवत नाहीत. ती पूर्ण फोटो नव्याने काढतात, तुमच्या बरणीसकट. चांगला चित्रकार समोरची बरणी बघून काढेल, तसं. म्हणून "जसंच्या तसं ठेवा" ही विनंती आहे, गॅरंटी नाही. वाक्याने शक्यता खूप वाढते, पण तपासणी चुकत नाही.

तपासायचं काय?

सगळ्यात आधी लेबल. फोटो मोठा करा आणि एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. देवनागरीत टूल्स जास्त घसरतात, खासकरून जोडाक्षरांवर आणि मात्रांवर. "ग्रॅम" मधला "ग्रॅ" हमखास बघा. मोठं नाव बरोबर येतं आणि खालची बारीक अक्षरं नुसत्या रेघोट्या होतात, हे तर नेहमीचंच. त्या बारीक अक्षरांतच वजन, किंमत आणि एफएसएसएआयचा 14 अंकी नंबर असतो. त्यातला एक अंक बदललेला फोटो कॅटलॉगवर टाकणं हा सौंदर्याचा नाही, विश्वासाचा प्रश्न आहे.

दुसरं म्हणजे माप. बरणीशेजारच्या कैऱ्या बघा. कैरी लिंबाएवढी दिसत असेल, तर 300 ग्रॅमची बरणी किलोची वाटते. ग्राहक पैसे भरतो, पार्सल उघडतो आणि म्हणतो, "एवढीशीच?" तुम्ही खोटं काही लिहिलेलं नसतं, पण फोटो खोटं बोललेला असतो. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर कारवाईची तरतूद आहे, आणि जाहिरात म्हणजे फक्त शब्द नव्हेत.

तिसरं म्हणजे आतला माल. फोडींचा आकार, तेलाची पातळी, मसाल्याचा रंग. टूलला सुंदर करायची खोड असते. ते फोडी मोठ्या करतं, तेल वर आणतं, रंग लालभडक करतं. मूळ फोटो आणि नवीन फोटो शेजारी ठेवून बघा.

लेबल बिघडलं असेल तर टूलशी भांडत बसू नका. "अक्षर दुरुस्त करा, पुन्हा करा, अजून एकदा करा" असं करत गेलात की दर फेरीत पूर्ण फोटो नव्याने निघतो आणि बरणी थोडी थोडी आणखी बदलते, फोटोची नकल आणि त्या नकलेची नकल काढल्यासारखी. त्यापेक्षा दोन फेऱ्यांत जमलं नाही तर मूळ फोटोवर परत जा आणि वाक्य सुधारून नव्याने सुरू करा.

किंवा त्याहून सोपं. नवीन फोटो कॅन्व्हासारख्या अॅपमध्ये घ्या आणि मूळ फोटोतली बरणी कापून बरोबर त्याच जागी वर ठेवा. आता चौथी ओळ आठवा: जागा, आकार, कोन तोच ठेवा. ती लिहिली असेल तर मूळ बरणी नवीन बरणीवर अलगद बसते. लिहिली नसेल तर बसत नाही. पार्श्वभूमी टूलची, बरणी तुमची. माझ्या दुकानातल्या मालासाठी मी हीच पद्धत योग्य मानतो.

"पण सर, टॅगनेही चालतं की!"

हो, चालतं. नवीन टूल्स इतकी समजूतदार आहेत की टॅगमधूनही बरंच ओळखतात. फोटो न जोडता दिवाळीच्या पोस्टसाठी पणत्यांचा देखावा हवा असेल, तर पाच शब्द टाका, काम होईल. वाद तिथे नाहीच. वाद आहे तो फोटो जोडल्यावर, जेव्हा काहीतरी राखायचं असतं.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. काही जणांनी "वाक्य लिहा" म्हटल्यावर निबंध लिहिलाय: "अत्यंत मनमोहक, अप्रतिम, राजेशाही थाटाची, डोळ्यांचं पारणं फेडणारी बरणी..." हे वाक्य दिसतं, पण आहे टॅगच. "मनमोहक" म्हणजे मराठीतलं `masterpiece`. त्यातून टूलला काय करायचं ते कळत नाही, उलट बरणी "राजेशाही" करायची परवानगी मिळते. बीबीएला आम्हाला डिझायनरला ब्रीफ कसा द्यायचा हे शिकवलं होतं. चांगल्या ब्रीफमध्ये विशेषणं कमी असतात, वस्तू, जागा आणि कामं जास्त असतात. इथेही तेच.

नवीन टूल समोर आलं तर ओळखायचं कसं?

दर महिन्याला नवीन अॅप येतं. प्रत्येकाची माहिती वाचत बसायला आपल्याला वेळ नाही, दुकान उघडायचं असतं. म्हणून एक छोटी चाचणी करा. बरणीचा फोटो जोडा आणि एकच ओळ लिहा:

```
Make the lid red.
```

फक्त झाकण लाल झालं आणि बाकी फोटो जागच्या जागी राहिला, तर हे सूचना ऐकणारं टूल आहे. चार ओळींचं वाक्य लिहा. मग तीच ओळ मराठीत देऊन बघा, "फक्त झाकण लाल करा." तेही जमलं तर पुढचं सगळं मराठीतच लिहा.

पूर्ण फोटो बदलला, बरणीच लालसर झाली, किंवा जवळपास काहीच झालं नाही, आणि शेजारी `strength` ची पट्टी किंवा `Negative prompt` ची चौकट दिसत असेल, तर हे पुन्हा रंगवणारं टूल आहे. तिथे शेवटच्या फोटोचं वर्णन इंग्रजी टॅगमध्ये लिहा आणि बरणी मास्कने झाका.

आणि लाल झाकणाची छान पण भलतीच बरणी आली, तर ते भाव उचलणारं टूल आहे. त्याच्याकडून पार्श्वभूमी घ्या, बरणी घेऊ नका.

दोन मिनिटांचं काम आहे. तुमच्याकडे जे टूल आहे त्यावर आजच करून बघा आणि काय निघालं ते टूलच्या नावासकट कमेंटमध्ये लिहा. आणि पुढच्या वेळी ग्रुपवर तयार प्रॉम्प्ट आला की त्यात एक गोष्ट शोधा: क्रियापद आहे का? नसेल, आणि तुम्हाला स्वतःच्या मालाचा फोटो जोडायचा असेल, तर तो प्रॉम्प्ट तुमच्या कामाचा नाही.